घराच्या छायाचित्रात गच्चीवरील सौर पॅनेलांची मांडणी : कल आणि सावली यांच्या अचूकतेचा विचार

गोषवारा

गच्चीवरील सौर यंत्रणेच्या प्रस्तावात ग्राहकाच्या घराचे छायाचित्र घेऊन त्यात पॅनेल बसवून दाखविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. हे चित्र बहुधा अंदाजाने तयार केले जाते. पॅनेलचा कल, त्यांची उंची आणि त्यांची सावली या तिन्ही गोष्टी मोजमापाने कशा ठरवाव्यात, तसेच अचूक चित्रदेखील ग्राहकाची दिशाभूल कशी करू शकते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात पुण्यातील एका घराच्या उदाहरणाच्या आधारे केले आहे.

बीजसंज्ञा : सौर पॅनेल, कल, लोपबिंदू, उन्नतांश, सावली

प्रस्तावना

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू केली. तीन किलोवॉट वा त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेस ७८,००० रुपयांचे अनुदान तीत ठेवण्यात आले. त्यामुळे बंगल्यांच्या व छोट्या घरांच्या गच्चीसाठी प्रस्ताव मागविणारा मध्यमवर्गीय ग्राहक मोठ्या संख्येने पुढे आला. असा ग्राहक प्रस्तावातील विद्युत आकृती क्वचितच वाचतो. त्याची नजर प्रथम जाते ती त्याच्या स्वतःच्या घराच्या चित्राकडे. आपले घर उद्या कसे दिसेल, कठड्याच्या वर काय डोकावेल, कपडे वाळत घालण्यास जागा उरेल की नाही, हे तो त्या चित्रावरून ठरवितो. पॅनेलवर सावली येणार नाही, ही समजूतही तो नकळत त्यावरूनच करून घेतो. म्हणून असे चित्र ही केवळ सजावट राहत नाही. ते एक विधान असते आणि त्याची सत्यासत्यता तपासता येते.

उदाहरणाचे स्वरूप

विवेचनाच्या सोयीसाठी पुण्यातील एक दुमजली बंगला उदाहरणादाखल कल्पिला आहे. घराच्या भिंती मुख्य दिशांना समांतर आहेत. गच्ची पूर्व-पश्चिम १० मीटर व दक्षिणोत्तर ८ मीटर असून तिला ९० सेंटिमीटर उंचीचा कठडा आहे. आग्नेय कोपऱ्यात जिन्याची खोली आहे. तिची उंची गच्चीच्या पृष्ठभागापासून २.४ मीटर असून तिच्यावर पाण्याची टाकी आहे. टाकीचा माथा ३.६ मीटरवर येतो. येथे ५४० वॉटची सहा पॅनेल, प्रत्येकी तीन अशा दोन ओळींत, दक्षिणाभिमुख बसवावयाची आहेत. या प्रकारच्या पॅनेलची लांबी साधारणपणे २.२८ मीटर व रुंदी १.१३ मीटर असते. ती उभी बसविल्यास एका ओळीची रुंदी सुमारे ३.४४ मीटर होते.

पुण्याचे अक्षांश सुमारे साडेअठरा अंश आहेत. वर्षभराचा विचार करता कल अक्षांशाच्या जवळपास ठेवणे लाभदायक असल्याने येथे तो १८ अंश धरला आहे. पॅनेलची पुढची, म्हणजे दक्षिणेकडील कड गच्चीपासून ३० सेंटिमीटर उंच ठेवली, तर मागची कड त्याहून २.२८ गुणिले sin १८° इतकी, म्हणजे सुमारे ७० सेंटिमीटर उंच जाते. याचा अर्थ मागची कड गच्चीपासून बरोबर एक मीटरवर येते.

हा आकडा किरकोळ वाटला तरी चित्राचे सारे भवितव्य त्यावर अवलंबून आहे. कठडा ९० सेंटिमीटरचा असल्यामुळे पॅनेल त्याच्यावर केवळ १० सेंटिमीटर डोकावतात. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला ती दिसणारही नाहीत. चित्रकाराने उठाव यावा म्हणून कल ३० अंश दाखविला, तर मागची कड १.४४ मीटरवर जाते आणि घराच्या दर्शनी भागावर निळ्या काचेचा अर्धा मीटर उंच पट्टा उभा राहतो. ग्राहकाने तो पाहून यंत्रणा नाकारली, तर जे होणारच नव्हते त्याच्यापायी ती नाकारली गेली असे म्हणावे लागेल. उलट, तो पट्टा आवडून त्याने होकार दिला तरी पुढे तक्रार ठरलेलीच.

छायाचित्र घेताना

जमिनीवरून घेतलेल्या छायाचित्रात सपाट गच्चीचा पृष्ठभाग दिसत नाही. त्यामुळे अशा छायाचित्रात पॅनेल बसविणे म्हणजे ती हवेत तरंगती ठेवणे होय. समोरच्या उंच इमारतीची गच्ची ही त्यासाठी योग्य जागा आहे. प्रस्तुत उदाहरणात कॅमेरा घराच्या नैर्ऋत्येस, सुमारे २० मीटर अंतरावर व घराच्या गच्चीहून ४ मीटर उंचीवर ठेवला आहे. त्याचा रोख उत्तरेपासून २५ अंश पूर्वेकडे आहे. कॅमेरा तिपाईवर असावा आणि तो खाली न झुकवता समतल धरावा. समतल कॅमेऱ्याच्या चित्रात उभ्या रेषा उभ्याच राहतात आणि क्षितिजरेषा चित्राच्या बरोबर मध्यातून जाते. पुढील सर्व काम त्यामुळे सोपे होते. आकाशाचा अनावश्यक भाग नंतर कापता येतो.

याच वेळी गच्चीवर एका सहाय्यकाने एक मीटर लांबीची सरळ काठी घेऊन उभे राहावे. काठीवर ३० सेंटिमीटरवर रंगीत खूण करावी. दोन्ही ओळींचे चार-चार कोपरे गच्चीवर खडूने आखून घ्यावेत. काठी प्रत्येक कोपऱ्यावर ओळंब्यात उभी धरावी आणि कॅमेरा न हलविता प्रत्येक वेळी एक छायाचित्र घ्यावे. मागच्या कोपऱ्यावरील काठीचे टोक म्हणजेच पॅनेलच्या मागच्या कडेचा कोपरा होय. पुढच्या कोपऱ्यावरील काठीची खूण म्हणजे पुढच्या कडेचा कोपरा. त्या त्या बिंदूची सावली गच्चीवर जेथे पडलेली दिसते, तेथेच पॅनेलच्या कोपऱ्याची सावली पडणार. आठ छायाचित्रांत कल, उंची आणि सावली ही तिन्ही हाती येतात. त्यासाठी कोणतेही गणित करावे लागत नाही. आठही छायाचित्रे दहा मिनिटांत घ्यावीत, कारण तेवढ्या वेळात सूर्याचा होरांश अडीच अंशांनी बदलतो. मूळ छायाचित्र या दहा मिनिटांच्या मध्यावर घेतले म्हणजे उरलेला फरक डोळ्यांना जाणवत नाही.

इतकी साधी युक्ती असूनही ती क्वचितच वापरली जाते. छायाचित्र घेणारा एक आणि चित्र तयार करणारा दुसरा असतो, हे त्याचे कारण असावे.

कलाची पडताळणी

काठीने मिळालेले कोपरे जोडल्यावर यथार्थदर्शनाच्या नियमाने त्यांची तपासणी करता येते. समांतर रेषा दूर जाताना एका बिंदूत मिळताना दिसतात. त्यास लोपबिंदू म्हणतात. गच्चीच्या दक्षिणोत्तर कठड्यांच्या रेषा वाढविल्या की त्या क्षितिजरेषेवर एका बिंदूत मिळतात. पूर्व-पश्चिम कठड्यांचा लोपबिंदूही क्षितिजरेषेवरच, परंतु चित्राच्या उजवीकडे बराच बाहेर असतो. पॅनेलच्या पुढच्या व मागच्या कडा आडव्या व पूर्व-पश्चिम असल्यामुळे त्या या दुसऱ्या बिंदूकडेच जावयास हव्यात.

तिरप्या कडांचे तसे नाही. त्या उत्तरेकडे जाताना १८ अंशांनी वर चढतात. म्हणून त्यांचा लोपबिंदू उत्तरेच्या लोपबिंदूच्या सरळ वर, आकाशात असतो. किती वर, हे कॅमेऱ्याच्या नाभीय अंतरावरून काढता येते. मोबाइल फोनच्या २६ मिलिमीटर समतुल्य भिंगाने घेतलेल्या ४००० × ३००० पिक्सेलच्या चित्रात हे अंतर सुमारे ३००० पिक्सेल भरते. तेव्हा,

३००० × tan १८° ÷ cos २५° ≈ १०७५

म्हणजे पॅनेलच्या तिरप्या कडा वाढविल्या असता त्या क्षितिजरेषेच्या सुमारे १०७५ पिक्सेल वर मिळावयास हव्यात. त्या क्षितिजरेषेवरच मिळत असतील तर चित्रातील पॅनेल गच्चीवर आडवी पडलेली आहेत, मग ती कितीही उंचावर रंगविलेली असोत. त्या कोठेच मिळत नसतील तर प्रत्येक पॅनेल वेगवेगळ्या हाताने ओढून बसविले आहे असे समजावे. हा दुसरा दोष प्रस्तावांत सर्रास आढळतो. पॅनेलचे समोरून घेतलेले माहितीपत्रकातील चित्र घेऊन त्याचे चार कोपरे नजरेने ओढले की तो निर्माण होतो.

एक आणखी सोपी खूण आहे. अर्ध-घट प्रकारच्या पॅनेलमध्ये १४४ अर्धे घट असतात व त्यांच्या दोन समूहांमध्ये बरोबर मध्यावर एक फिकट पट्टी असते. चित्रातील पॅनेलचे दोन कर्ण काढले असता त्यांचा छेदबिंदू या पट्टीवर पडला पाहिजे. तो पट्टीच्या पुढे वा मागे पडल्यास पॅनेलचा दूरचा भाग योग्य प्रमाणात आक्रसलेला नाही, हे उघड होते.

सावलीचे गणित

काठीची सावली प्रत्यक्ष मिळाली असली तरी तिचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. पुष्कळदा छायाचित्र आधीच घेतलेले असते आणि काठी उपलब्ध नसते. येथे २० एप्रिल रोजी दुपारी साडेतीन वाजता छायाचित्र घेतले असे मानू.

पहिली चूक येथेच होते. घड्याळातील वेळ ही भारतीय प्रमाणवेळ असून ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. पुणे सुमारे ७३.९ अंशांवर असल्याने तेथे सूर्य जवळजवळ ३५ मिनिटे उशिरा मध्यान्हावर येतो. कालसमीकरणाची त्या दिवशीची दुरुस्ती एखाद्या मिनिटाचीच असते. तेव्हा घड्याळात साडेतीन वाजले असताना स्थानिक सौरवेळ तीन वाजण्यास तीन-चार मिनिटे कमी अशी असते. त्या वेळी सूर्याचा उन्नतांश सुमारे ४७ अंश येतो आणि एक मीटर काठीची सावली ९३ सेंटिमीटर पडते. ही दुरुस्ती विसरून साडेतीन हीच सौरवेळ धरली, तर उन्नतांश ३९ अंश येऊन तीच सावली १.२३ मीटर होते. एका मीटरमागे तीस सेंटिमीटरची ही चूक छायाचित्रातील जिन्याच्या खोलीच्या खऱ्या सावलीशेजारी लगेच उघडी पडते. महाराष्ट्रात प्रमाणवेळ व सौरवेळ यांतील अंतर मोठे असल्यामुळे संगणकीय प्रणालीत स्थान व कालविभाग ही दोन्ही नीट भरली आहेत ना, हे आधी पाहावे.

दुसरी चूक दिशेची. सूर्य दक्षिणेकडे असतो, म्हणून सावली उत्तरेकडे पडावी, असा सर्वसाधारण समज आहे. एप्रिलच्या त्या दुपारी मात्र पुण्यात सूर्य जवळजवळ बरोबर पश्चिमेस असतो व सावल्या पूर्वेकडे पडतात. चित्राच्या दृष्टीने ही सोयीची गोष्ट आहे. सांगाड्याच्या उभ्या पायांच्या सावल्या पूर्व-पश्चिम कठड्याला समांतर धावतात आणि म्हणून त्यांचा लोपबिंदूही तोच असतो.

आता पॅनेलच्या सावलीचा आकार पाहू. मागची कड एक मीटर उंच असल्याने तिची सावली पूर्वेकडे ९३ सेंटिमीटर सरकते. पुढची कड ३० सेंटिमीटर उंच असल्याने तिची सावली केवळ २८ सेंटिमीटर सरकते. त्यामुळे सावलीचा आकार पॅनेलसारखा आयताकृती न राहता मागच्या बाजूस पूर्वेकडे ढळलेला समांतरभुज चौकोन होतो. ओळीच्या पूर्वेकडे सावलीची पट्टी बाहेर आलेली दिसते. ही पट्टी पुढे अरुंद व मागे रुंद असते. पश्चिमेकडील बाजूस मात्र पॅनेलखाली ऊन शिरते. नैर्ऋत्येकडील कॅमेऱ्याला हा उन्हाचा तुकडा दिसलाच पाहिजे. चित्र-संपादन प्रणालीतील `Drop Shadow` ही सोय येथे निरुपयोगी ठरते. ती सर्व बाजूंना सारख्याच अंतराने सरकलेली प्रतिकृती काढते व पॅनेल जमिनीशी समांतर असल्याचा आभास निर्माण करते.

सावलीच्या कडेविषयीही काही सांगितले पाहिजे. सूर्यबिंबाचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश असल्यामुळे प्रत्येक सावलीच्या कडेला धूसर उपच्छाया असते. एक मीटर उंचीवरील कडेसाठी ती दोन सेंटिमीटरांच्याही आत राहते. वीस मीटरवरून घेतलेल्या छायाचित्रात अशी कड रेखीवच दिसते. मऊ, पसरट सावली सुंदर दिसते हे खरे. परंतु ती ढगाळ दिवसाची खूण आहे व उरलेल्या चित्रातील कडक उन्हाशी तिचा मेळ बसत नाही. सावलीची गडदताही अंदाजाने ठरवू नये. जिन्याच्या खोलीची सावली त्याच छायाचित्रात आहे. तेथील गच्चीचा रंग व शेजारच्या उन्हातील रंग यांचे गुणोत्तर तांबड्या, हिरव्या व निळ्या या तिन्ही घटकांसाठी वेगवेगळे घ्यावे आणि तेच पॅनेलच्या सावलीस लावावे. सावलीत आकाशाचा निळा प्रकाश शिल्लक राहतो, म्हणून ती काळी नसते, किंचित निळसर असते. पॅनेलच्या अगदी खाली मात्र आकाशही झाकले जाते. तेथे ती अधिक गडद करणे योग्य ठरते.

हे सर्व काम हाताने करता येते. त्रिमितीय प्रणालीतही ते करता येते. एफस्पाय या मुक्त प्रणालीत कठड्याच्या रेषा दाखवून कॅमेऱ्याची स्थिती मिळवावी व ती ब्लेंडरमध्ये न्यावी. तेथे गच्चीच्या जागी एक सपाट पृष्ठ ठेवून त्यास `Shadow Catcher` हा गुणधर्म दिला की केवळ सावली मूळ छायाचित्रावर उतरते. तरीही अखेरची तपासणी काठीच्या सावलीशीच करावी.

अचूक चित्र आणि अपुरे सत्य

येथवरचे सारे नियम पाळून चित्र तयार झाले आणि त्यात पॅनेलांची मांडणी जिन्याच्या खोलीपासून दीड मीटर पश्चिमेस दाखविली, असे समजू. चित्रात काहीही चुकलेले नाही. सूर्य पश्चिमेस असल्याने जिन्याच्या खोलीची व टाकीची सावली पूर्वेकडे, पॅनेलपासून दूर पडली आहे. सहाही पॅनेल उन्हात झळकत आहेत. ग्राहक समाधानी आहे.

आता हीच गच्ची २१ डिसेंबरच्या सकाळी पाहावी. सौरवेळ नऊ, म्हणजे घड्याळात सुमारे नऊ वाजून तेहतीस मिनिटे झाली असता सूर्याचा उन्नतांश केवळ २९ अंश असतो व तो दक्षिणेपासून ४८ अंश पूर्वेकडे असतो. जिन्याची खोली पॅनेलच्या पुढच्या कडेहून २.१ मीटर उंच आहे. तिची सावली त्या पातळीवर पश्चिमेकडे २.८ मीटरपर्यंत पोचते. दीड मीटरवरील मांडणीत दोन्ही ओळींचे पूर्वेकडील पॅनेल त्यामुळे अंशतः झाकले जातात. ही स्थिती घड्याळात जवळजवळ साडेदहापर्यंत टिकते. पॅनेल एकसरीत जोडलेली असल्याने झाकलेल्या पॅनेलचा परिणाम सर्व सरीच्या विद्युतप्रवाहावर होऊ पाहतो. पॅनेलमधील बायपास डायोड प्रवाहाला वाट काढून देतात, परंतु झाकलेल्या भागाची वीज त्या वेळेपुरती गमवावीच लागते.

मे महिन्यातील छायाचित्र तर याहून फसवे असते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत पुण्यात मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या उत्तरेस असतो. अशा छायाचित्रात टाकीची दुपारची सावली दक्षिणेकडे पडलेली दिसते आणि उत्तरेकडील जागा वर्षभर निर्धास्त असल्याचा समज होतो.

प्रस्तुत उदाहरणात उपाय साधा आहे. मांडणी जिन्याच्या खोलीपासून ३.१ मीटरवर सरकविली की डिसेंबरच्या नवाच्या उन्हातही खोलीची व टाकीची सावली तिला स्पर्श करीत नाही. पश्चिमेकडील कठड्यापर्यंत सुमारे ९६ सेंटिमीटर जागा उरते. दुपारी तीनच्या सौरवेळेस कठड्याची सावली पॅनेलच्या पातळीवर ८० सेंटिमीटर येते, म्हणून तीही पुरेशी आहे. दोन ओळींतील अंतरही याच सूर्यावरून ठरते. पुढच्या ओळीच्या मागच्या कडेची सावली मागच्या ओळीच्या पुढच्या कडेच्या पातळीवर उत्तरेकडे ८४ सेंटिमीटर जाते, म्हणून ८५ सेंटिमीटरचे अंतर ठेवावे. चित्रात जागा बसत नाही म्हणून हे अंतर कमी करून दाखविणे ही नेहमीची पळवाट आहे. दोन ओळी मिळून दक्षिणोत्तर ५.२ मीटर जागा व्यापतात, हे चित्रातील कठड्यावरून मोजून पाहता येते.

डिसेंबरची सावली एप्रिलच्या छायाचित्रात रंगवू नये. तसे केल्यास एकाच चित्रात दोन सूर्य येतात आणि भिंतीवरील खरा प्रकाश गच्चीवरील खोट्या सावलीला खोडून काढतो. त्याऐवजी त्याच कॅमेऱ्याच्या कोनातून गच्चीचा साधा करड्या रंगाचा त्रिमितीय आराखडा काढावा, त्यात २१ डिसेंबरच्या सौरवेळ नऊ व तीन यांच्या सावल्या दाखवाव्यात आणि तो मूळ चित्राच्या शेजारी ठेवावा. मूळ चित्राखाली छायाचित्राचा दिनांक व वेळ, पॅनेलचा कल, मागच्या कडेची गच्चीपासूनची उंची आणि जिन्याच्या खोलीपासूनचे अंतर एवढ्या चार गोष्टी नोंदवाव्यात. शेजारच्या भूखंडावर पुढे उभी राहणारी इमारत वा वाढणारे झाड या चित्रात येऊ शकत नाही. छायाचित्राच्या चौकटीबाहेरील, पूर्वेकडील उंच इमारतीची सकाळची सावलीही त्यात दिसत नाही. तिच्यासाठी गच्चीच्या मध्यभागी उभे राहून पूर्व, दक्षिण व पश्चिम क्षितिजाची उंची कोनमापकाने स्वतंत्रपणे नोंदवावी लागते.